रांगेत हजार कामं, वर्कर पाच

समजा, एका विद्यापीठाचा निकाल दुपारी एक वाजता लागणार आहे. विद्यार्थी संकेतस्थळावर आपला आसन क्रमांक टाकतात आणि ‘गुणपत्रिका पाठवा’ हे बटण दाबतात. गुणपत्रिकेची पीडीएफ तयार करून ईमेलने पाठवायला साधारण तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ संकेतस्थळ प्रत्येकासाठी अडकून राहिलं तर ते काही क्षणांत बंद पडेल. म्हणून ते फक्त ‘विनंती मिळाली’ असं सांगतं आणि काम एका रांगेत टाकून मोकळं होतं. मागच्या बाजूला काही प्रोग्राम सतत चालू असतात. ते रांगेतून एकेक काम उचलतात, पूर्ण करतात आणि पुढचं उचलतात. त्यांना वर्कर म्हणतात.

एरवी पाच वर्कर पुरून उरतात. निकालाच्या दुपारी ते अजिबात पुरणार नाहीत, आणि वर्षभर चाळीस वर्कर चालू ठेवले तर रिकाम्या यंत्रांचं भाडं भरत बसावं लागेल. म्हणून रांगेत किती कामं थांबली आहेत ते पाहून वर्करची संख्या आपोआप कमीजास्त करायची, अशी व्यवस्था केली जाते. कुबरनेटिस या प्रणालीवर हे काम करणारं केडा नावाचं मुक्त सॉफ्टवेअर २०१९ साली मायक्रोसॉफ्ट आणि रेड हॅट यांनी मिळून आणलं. क्लाउड कंपन्यांकडेही अशा सोयी आहेत.

त्याआधीची रूढ पद्धत म्हणजे प्रोसेसर किती व्यग्र आहे ते पाहणं. वर्करच्या बाबतीत ती हमखास फसवते. आपला वर्कर तीन सेकंदांतला बराचसा वेळ डेटाबेसकडून गुण येण्याची आणि ईमेल सेवेच्या उत्तराची वाट पाहण्यात घालवतो. तेवढा वेळ प्रोसेसर स्वस्थ असतो. रांग हजारावर गेली तरी प्रोसेसरचा आकडा वीस टक्क्यांवरच रेंगाळेल आणि यंत्रणा म्हणेल, सगळं ठीक आहे.

पण नुसत्या रांगेच्या लांबीलाही अर्थ नसतो. हजार कामं थांबली आहेत हे फार की थोडं, ते एका कामाला लागणारा वेळ आणि आपण दिलेला शब्द यांवर ठरतं. समजा, विद्यार्थ्याला साधारण एका मिनिटात गुणपत्रिका मिळावी असं आपण ठरवलं. एका कामाला तीन सेकंद, म्हणजे एक वर्कर मिनिटात वीस कामं उरकतो. याचा अर्थ प्रत्येक वर्करमागे रांगेत वीस कामं असली तरी चालतील. आता हिशेब सोपा होतो. थांबलेल्या कामांना वीसने भागायचं आणि अपूर्णांक आला तर वरच्या पूर्णांकाला न्यायचं. केडाच्या फाईलमध्ये या निर्णयाच्या कळीच्या ओळी तीनच असतात:

```
minReplicaCount: 5
maxReplicaCount: 40
queueLength: "20"
```

यातून निघणारी एक गोष्ट पाहणाऱ्याला सुरुवातीला खटकते. सेकंदाला दहा विनंत्या सतत येत असतील, तर नुसतं बरोबरीने धावायलाच तीस वर्कर लागतात. तीस वर्करमागे वीस-वीस म्हणजे रांगेत सहाशे कामं कायम दिसणार. ही रांग तुंबलेली नाही. सेकंदाला दहा कामं निघत असतील, तर सहाशेच्या मागे उभ्या राहिलेल्याला साठ सेकंद थांबावं लागतं, आणि तोच आपला शब्द होता. रांगेची लांबी, येण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांच्यातल्या या नात्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ साली मांडली. ते नाव न घेताही ही यंत्रणा त्याच गणितावर उभी असते.

आता एक वाजला. सेकंदाला दहा विनंत्या येऊ लागल्या. पाच वर्कर सेकंदाला दोन कामंही उरकत नाहीत. यंत्रणा दर अर्ध्या मिनिटाने रांग मोजते आणि नवं यंत्र भाड्याने घेऊन त्यावर वर्कर उभा राहायला दीड मिनिट लागतं, असं धरू. पहिल्या मोजणीला रांगेत अडीचशे कामं दिसतात, म्हणजे तेरा वर्कर हवेत. हुकूम सुटतो, पण ते कामाला लागतात एक वाजून दोन मिनिटांनी. तोवर रांग हजारावर गेलेली असते. पुढच्या मोजण्यांना पंचवीस, मग अडतीस वर्कर मागवले जातात आणि तेही प्रत्येकी दीड मिनिट उशिरा येतात. तिसऱ्या मिनिटाला रांग सुमारे बाराशेवर पोहोचते आणि तिथून उतरू लागते. या धांदलीत सापडलेले विद्यार्थी एका मिनिटाऐवजी दोन मिनिटं थांबतात.

या पद्धतीची खरी मर्यादा इथे आहे. रांग साचल्यावरच ती जागी होते, आणि वर्कर उभा राहायला जितका वेळ लागतो तितका उशीर ठरलेलाच. सूत्र कितीही घासूनपुसून घेतलं तरी हा उशीर जात नाही. निकालाची वेळ मात्र आधीच जाहीर असते. म्हणून बारा पंचावन्नलाच तीस वर्कर उभे राहतील असं वेळापत्रक जोडावं, आणि अनपेक्षित चढउतार तेवढे रांगेवर सोडावेत. केडात असं वेळापत्रक लावण्याची सोय आहे.

वर्कर वाढवण्यापेक्षा कमी करणं अवघड, असं माझं मत आहे. रांग क्षणभर आटली म्हणून लगेच वर्कर काढले, तर पुढच्या लाटेला पुन्हा दीड मिनिटाची वाट पाहावी लागते. म्हणून कुबरनेटिस सहसा मागच्या पाच मिनिटांतला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं आणि त्यानंतरच संख्या उतरवतं. शिवाय रांग शून्य दिसली म्हणजे कामं संपली असं नव्हे. काही कामं वर्करच्या हातात असतात. वर्करला बंद होण्याची सूचना मिळाल्यावर हातातलं काम पुरं करायला एरवी तीस सेकंदांची मुदत असते आणि मग तो सक्तीने थांबवला जातो. आपल्या तीन सेकंदांच्या पीडीएफला ही मुदत भरपूर आहे. वीस मिनिटं चालणारं व्हिडिओचं काम मात्र अर्ध्यात तुटेल. तुटलेलं काम रांगेत परत येतं आणि दुसरा वर्कर ते पहिल्यापासून करतो. म्हणून ‘ही गुणपत्रिका आधीच पाठवली आहे का’ हे वर्करने तपासलंच पाहिजे, नाहीतर एकाच विद्यार्थ्याला दोन ईमेल जातील.

चाळीसची कमाल मर्यादाही विचार करून घातलेली असते. प्रत्येक वर्कर डेटाबेसशी एक जोडणी उघडतो आणि डेटाबेसला त्या मोजक्याच पेलतात. मर्यादा नसेल तर रांग वाढते म्हणून वर्कर वाढतात, त्यांच्या गर्दीने डेटाबेस मंदावतो, तीन सेकंदांचं काम नऊ सेकंदांवर जातं, रांग आणखी वाढते आणि यंत्रणा आणखी वर्कर मागवते. हे ओळखायला रांगेच्या लांबीपेक्षा रांगेतलं सगळ्यात जुनं काम किती वेळ थांबलंय हा आकडा उपयोगी पडतो. वर्कर दुप्पट झाले तरी तो चढतच असेल, तर अडथळा वर्करच्या पलीकडे कुठेतरी आहे आणि नवे वर्कर ताबडतोब थांबवायला हवेत.

आणि चाळीस वर्कर पूर्ण वेगाने चालूनही सेकंदाला वीस विनंत्या येत राहिल्या तर? चाळीस वर्कर सेकंदाला तेराच्या आसपास कामं काढतात, त्यामुळे रांग मिनिटाला चारशेने वाढते आणि दहा मिनिटांत चार हजारांवर जाते. अशा वेळी थांबलेल्या कामांना त्या वेगाने भागून आलेलं उत्तर विद्यार्थ्याच्या पडद्यावर दाखवावं: ‘तुमची गुणपत्रिका सुमारे पाच मिनिटांत येईल.’ हे वाचलेला विद्यार्थी तेच बटण पुन्हापुन्हा दाबण्याची शक्यता कमी होते, आणि तेवढी रांगही कमी वाढते.