दहा लाखांचा लाभांश आणि साडेनव्याण्णव हजारांचा कर

सांगलीतली एक छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. दहा रुपये दर्शनी किमतीचे एक लाख शेअर, भागधारक तिघे. थोरल्या भावाकडे 60,000 शेअर, बहिणीकडे 39,500 आणि निवृत्त झालेल्या जुन्या हिशेबनिसाकडे 500. मार्च 2025 अखेरच्या वर्षात नफा बरा झाला, म्हणून ऑगस्टमध्ये संचालकांनी शेअरमागे दहा रुपये लाभांशाची शिफारस केली.

आता अकाउंटंटला मोह होतो तो 31 मार्चच्या ताळेबंदातच हे दहा लाख देणे म्हणून दाखवण्याचा. नफा त्याच वर्षाचा आहे ना! पण शिफारस म्हणजे देणे नव्हे. वार्षिक सभेने मंजुरी देईपर्यंत कंपनी कुणाचे काहीही लागत नाही, सभा ही रक्कम कमीही करू शकते. म्हणून मार्चच्या ताळेबंदात फक्त टीप जाते.

सभा झाली 15 सप्टेंबर 2025 ला, ठराव मंजूर झाला आणि त्याच तारखेला पहिली नोंद पडली: राखीव नफा खाते नावे 10,00,000, देय लाभांश खाते जमा 10,00,000. इथे खर्चाचे खाते कुठेच येत नाही. लाभांश हा पगार किंवा भाड्यासारखा खर्च नसून झालेल्या नफ्याचे वाटप आहे. तो नफा-तोटा पत्रकात खर्चात टाकला, तर नफा दहा लाखांनी खोटाच कमी दिसतो.

कंपनी कायद्यानुसार ही रक्कम पाच दिवसांत बँकेतल्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. नेहमीच्या चालू खात्यातून लाभांश खात्यात दहा लाख वळते झाले. देणे जसेच्या तसे राहिले, पैसा मात्र एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला.

वाटप ठरले 26 सप्टेंबरला, आणि कर कापण्याची वेळही तीच. 31 मार्च 2020 पर्यंत लाभांशावरचा वाटप कर कंपनी स्वतःच्या पदरचा भरत असे. तो रद्द झाल्यावर लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरला जाऊ लागला आणि कंपनीच्या गळ्यात टीडीएसचे काम पडले. दर दहा टक्के. पॅन दिला नसेल, तर वीस. निवासी व्यक्तीला वर्षभरात मिळणारा लाभांश दहा हजारांच्या आत असेल आणि तो रोखीने दिला नसेल, तर कर कापायचा नाही. एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा पाच हजार होती.

भावाच्या सहा लाखांतून 60,000 कापले, बहिणीच्या 3,95,000 मधून 39,500. हिशेबनिसांचे 5,000 पुरे पाठवले. पण त्यांचे बँक खाते कधीच बंद झालेले, त्यामुळे पैसे त्याच दिवशी परत आले. दोघा भावंडांची नोंद अशी झाली: देय लाभांश नावे 9,95,000, लाभांश बँक खाते जमा 8,95,500, देय टीडीएस जमा 99,500.

घोटाळा बहुधा याच नोंदीत होतो. बँकेतून 8,95,500 गेले म्हणून तेवढाच लाभांश लिहिला, तर कराची रक्कम हवेत लटकते. तो कर भावंडांच्याच पैशातून कापलेला आहे, कंपनी फक्त तो सरकारपर्यंत पोचवते. भावानेही आपल्या उत्पन्नात हाती आलेले 5,40,000 नव्हे, सहा लाख दाखवायचे आणि 60,000 भरलेला कर म्हणून वजा मागायचा.

सप्टेंबरमध्ये कापलेला कर 7 ऑक्टोबरपर्यंत भरायचा. चलन लाभांश खात्यातूनच गेले: देय टीडीएस नावे, बँक जमा, 99,500. हेच चलन आठ तारखेला भरले असते, तर उशीर एका दिवसाचा, पण व्याज महिन्याला दीड टक्का आणि सप्टेंबर व ऑक्टोबर असे दोन्ही महिने पूर्ण धरले जातात. म्हणजे 2,985 रुपये.

चलनानंतर ताळा बघण्यासारखा आहे. लाभांश बँक खात्यात 5,000 शिल्लक आणि देय लाभांश खात्यातही 5,000. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर कुणाचे तरी पैसे अडकलेत किंवा कर चुकीच्या खात्यातून भरलाय, हे नोंदी न चाळताही कळते.

उरलेल्या पाच हजारांना मात्र घड्याळ लागलेले आहे. घोषणेपासून तीस दिवसांत, म्हणजे 15 ऑक्टोबरपर्यंत लाभांश द्यायचा. तोवर कुणी घेतलाच नाही, तर पुढच्या सात दिवसांत तो ‘न दिलेला लाभांश’ या वेगळ्या बँक खात्यात न्यायचा. ही मुदत 22 ऑक्टोबरला संपत होती आणि त्या दिवशी दिवाळीचा पाडवा, बँका बंद. अकाउंटंटने काम सतरालाच उरकले. पुस्तकातही देय लाभांशातून 5,000 त्याच नावाच्या खात्यात गेले. सात वर्षे तिथे पडून राहिले, तर ते केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात आणि मग हिशेबनिसांना त्यांचा दावा त्या निधीकडे करावा लागतो. त्याआधी त्यांनी नवा खाते क्रमांक कळवला, तर कंपनीला एकच नोंद करायची आहे: न दिलेला लाभांश नावे 5,000, त्या बँक खात्याला जमा 5,000.