झाकलेला आकडा वजाबाकीने उघडा पडतो

समजा, एका महाविद्यालयाने महिला कर्मचाऱ्यांना नाव न लिहायला सांगून विचारलं: गेल्या वर्षभरात कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला का? 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या विज्ञान विभागात १४, कला ११, वाणिज्य ९ आणि ग्रंथालयात २, एकूण ३६.

ग्रंथालयात बायका तीनच आहेत. हे कोष्टक छापलं, की 'नाही' म्हणणारीला बाकी दोघींचं उत्तर कळलं. त्याहून वाईट म्हणजे, छळ करणाऱ्यालाही कळलं की कुणीतरी तोंड उघडलं आहे.

म्हणून ठरावीक मर्यादेखालचा आकडा छापत नाहीत. अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेच्या आकडेवारीत १ ते १० झाकतात, ११ पासून छापतात. आपल्या महाविद्यालयाने ५ ही मर्यादा धरली आणि ग्रंथालयाच्या जागी फुली मारली, तरी काम झालं नाही. ३६ मधून १४, ११ आणि ९ वजा करा, २ हाती येतात. त्यामुळे आणखी एक आकडा झाकावा लागतो. माहिती कमीत कमी गमवावी म्हणून बहुधा त्यानंतरचा लहान, म्हणजे वाणिज्यचे ९. आता वजाबाकीतून दोघांची बेरीज ११ एवढीच कळते.

आडव्या ओळीतही तीच गळती असते. ग्रंथालयात उत्तरं देणाऱ्या ३ आणि 'नाही' म्हणणारी १, असं छापलं तर फुलीला अर्थच उरत नाही. टक्केवारीही तेच सांगते. त्यामुळे मर्यादा उत्तरांच्या आकड्याला लावतात तशीच गटाच्या आकारालाही लावावी आणि गट लहान असेल तर त्याची सगळी ओळच झाकावी. तरी एक फट राहते. सहाजणींच्या गटात सहाही 'हो' म्हणाल्या, तर आकडा पाचाच्या वर आहे, पण प्रत्येकीचं उत्तर उघड झालं. सगळ्यांचं उत्तर एकच आलं की मर्यादा कामाची नाही. तिथे माणसाने नजर घालायलाच हवी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालातली फुली वेगळी असते. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते सर्वेक्षण करते. २५ पेक्षा कमी जणांवर आधारलेली टक्केवारी तिथे छापत नाहीत, कारण इतक्या थोड्या उत्तरांवरून काढलेल्या टक्केवारीवर भरवसा ठेवता येत नाही. गुप्ततेची काळजी तिथे आधीच, प्रश्न विचारताना घेतात: कौटुंबिक हिंसाचाराबद्दल एका घरातल्या एकाच बाईला आणि एकांतात विचारतात.

फुल्या वाढल्या की लहान गटांचं दुःख कागदावरून पुसलं जातं, ही खरी किंमत आहे. शक्य तिथे झाकण्याऐवजी गट जोडावेत. ग्रंथालय आणि कार्यालय एकत्र घ्यावं. पण हे जोडगट उत्तरं येण्याआधी ठरवा, दरवर्षी तेच ठेवा. एका अहवालात ग्रंथालय वेगळं आणि दुसऱ्यात जोडलेलं असेल, तर दोन्ही समोर ठेवून कुणीही वजाबाकी करील. तुमच्या संस्थेत असा अर्ज हाती आला, तर भरण्याआधी विचारा: सगळ्यांत लहान गट केवढ्याचा छापणार?