मान कुठे कापायची?

घरगुती थ्रीडी प्रिंटरच्या मर्यादा त्याच्या बेडवरच लिहिलेल्या असतात. अनेकांकडे असणाऱ्या एंडर-3 या यंत्रावर लांबी-रुंदी 220 मिलिमीटर आणि उंची 250 मिलिमीटर, एवढंच मावतं. आता पगडी घातलेल्या एखाद्या आजोबांचा अर्धपुतळा घ्या. उंची 400 मिलिमीटर, खांद्यापासून खांद्यापर्यंत 300, जाडी 180. तो अख्खा कसाही आडवा-उभा केला तरी मावणार नाही. तुकडे करावेच लागतात.

नवखा माणूस उंचीचे दोन सारखे भाग करून मोकळा होतो आणि सांधा नेमका आजोबांच्या हनुवटीवरून जातो. मग कितीही घासा, रंग दिला की गालावर रेघ उठतेच. म्हणून आधी बघायचं, की शिल्पात रेघ कुठे आहेच. या पुतळ्यात कोटाची कॉलर आहे. पहिला काप तिच्या वरच्या काठालगत घेतला, की मानेसकट डोकं 210 मिलिमीटर उंचीचं सुटं होतं. खाली उरलेली छाती 190 उंच असली, तरी 300 रुंद आहे. तिचा काप बटणपट्टीच्या कडेने उभा घेतला, की साधारण दीडदीडशेचे दोन भाग पडतात. दोन काप, तीन तुकडे, आणि दोन्ही सांधे कपड्याच्या रेषांत लपलेले. कापाची जागा आपोआप शोधण्यावरही काम झालं आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी 2012 मध्ये मांडलेली ‘चॉपर’ ही पद्धत सांधा कितपत डोळ्यात भरेल याचाही हिशेब करते. तरी घरच्या कामात ही निवड मी स्वतःच करेन. कॉलर कुठे आहे हे डोळ्याला लगेच कळतं.

कापण्याची सोय प्रुसास्लायसरमध्येच आहे. `C` दाबलं की मॉडेलमध्ये एक आडवा पडदा दिसतो. तो सरकवायचा, हवा तर फिरवायचा. कापायच्या आधी `Add connectors` मध्ये जाऊन खुंट्यांच्या जागा ठरवता येतात. इथे `Plug` आणि `Dowel` असे पर्याय येतात. `Plug` मध्ये खुंटी एका तुकड्याला चिकटूनच येते. `Dowel` मध्ये दोन्हीकडे भोकं पडतात आणि खुंटी सुटी छापायची. आपल्याला दुसरा पर्याय घ्यायचा आहे, कारण कापलेला सपाट पृष्ठभाग बेडवर टेकवून छापणं सगळ्यांत सोयीचं. त्यातून खुंटी बाहेर आली, तर तो टेकेलच कसा? शिवाय उभी छापलेली खुंटी थरांच्या सांध्यावर कडकन मोडते. सुटी खुंटी आडवी छापली की थर लांबीच्या दिशेने जातात आणि ती टिकते. गोल खुंटी आडवी छापताना खालून खराब होते, म्हणून षटकोनी बरी.

खुंटी जोड धरून ठेवते, हा गैरसमज आहे. धरतो तो गोंद. सायनोअक्रिलेट काही सेकंदांत पकडतो, तेवढ्या वेळात तुकडा अर्धा मिलिमीटरही सरकू न देणं हे खुंटीचं काम. एकाच गोल खुंटीवर तुकडा फिरतो, म्हणून दोन हव्यात. मानेसाठी त्या वेगवेगळ्या जाडीच्या घ्याव्यात, म्हणजे डोकं उलटं बसायची शक्यताच राहत नाही.

खरी कसोटी मापात आहे. 8 मिलिमीटरच्या खुंटीला नेमकं 8 चं भोक दिलं तर ती आत जात नाही, कारण प्लास्टिकची रेघ थोडी पसरते. 8.1 पासून 8.4 पर्यंत भोकं असलेला एक छोटा ठोकळा आधी छापावा. बोटाच्या दाबाने खुंटी आत जावी आणि ठोकळा उलटा केला तरी पडू नये, ते आपल्या यंत्राचं माप. भोकाची खोली खुंटीच्या निम्म्याहून मिलिमीटरभर जास्त ठेवावी. नाहीतर तळाशी गोंद साचतो आणि सांधा मिटतच नाही. भोकं बेडकडे तोंड करून असल्याने स्लायसर त्यांच्यात आधार भरून ठेवतो, तो तिथे बंद करावा. आठ मिलिमीटरचं छत यंत्र आधाराशिवाय ओढतं.

तरीही फट राहिली, तर ती कुठे आहे ते बघा. कापलेला पृष्ठभाग काचेवर ठेवून मागून उजेड धरावा. कोपऱ्यांखालून उजेड आला, तर छापताना कडा उचलल्या गेल्या. पुन्हा छापताना भोवती ब्रिमची झालर द्यावी. पृष्ठभाग सपाट आहे, पण खुंटी भोकाच्या तोंडाशीच अडते, असं असेल तर दोष पहिल्या थराचा. तो दबून पसरतो, बाहेरची कड फुगते आणि भोकाचं तोंड आवळतं. यासाठी पुन्हा छापायची गरज नाही. धारदार पात्याने तोंडाची कड थोडी तासली आणि बाहेरची कड पॉलिश पेपरवर फिरवली, की खुंटी बसते. गोंद लावण्याआधी तिन्ही तुकडे एकदा कोरडेच जोडून बघायचे. छातीचे दोन भाग आधी चिकटवायचे, डोकं शेवटी.