चान्या, बोंबील आणि कचऱ्याची बादली : माश्यांचा हिशेब

कापडाच्या धंद्यात आमची 30 वर्षे गेली. माल कुठे फाटला हे पाहण्यापेक्षा तो का फाटला हे पाहावे, असे आम्हाला वडिलांनी शिकवले. गेल्या काही वर्षांत आमच्या घरी जे नुकसान झाले त्याचाही आम्ही असाच तपास केला. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरी ते कामी यावे म्हणून हा तजुर्बा लिहीत आहोत.

सन 2024 साली बकरी ईद 17 जूनला, सोमवारी होती. कुर्बानीनंतर आतड्याचे तुकडे, चरबी आणि रक्ताने भिजलेले कागद आम्ही अंगणातल्या प्लास्टिकच्या बादलीत टाकले. झाकण नीट बसत नव्हते. पाहुण्यांच्या गडबडीत ती बादली घंटागाडीत रिकामी करायचे राहून गेले. मंगळवारी आत बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या. शुक्रवारी त्या बोटाच्या पेराच्या निम्म्या झाल्या होत्या. शनिवारी बादलीत अळ्या कमी दिसल्या, म्हणून आम्ही मनात म्हटले की बला टळली. चूक तिथेच झाली.

अळी पोट भरले की ओल सोडून कोरड्या, अंधाऱ्या जागेकडे सरकते. आमच्या अळ्या बादलीशेजारच्या तरटाखाली आणि भिंतीच्या फटीत गेल्या. तिथे त्यांचे तांबूस-तपकिरी कोश झाले. दिसायला ते गव्हाच्या लहान दाण्यासारखे असतात. सोलापूरच्या जूनच्या उष्म्यात अंडी फुटायला साधारण एक दिवस लागतो, अळी वाढायला चार ते सहा दिवस, आणि कोशातून माशी निघायला आणखी चार-पाच दिवस. म्हणजे सोमवारी घातलेल्या अंड्यांची माशी पुढच्या आठवड्याच्या शेवटी उडते. एक मोठी हिरवी-निळी माशी एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज घालते.

आता नुकसानाची बाजू ऐका. आमच्या भाभी चान्या करून विकतात, त्यावर त्यांचे घर चालते. चान्या म्हणजे गोश्ताच्या लांब पट्ट्या मीठ-हळद लावून उन्हात वाळवायच्या. 5 जुलैला त्यांनी खाटकाकडून 5 किलो गोश्त विकत आणले, पट्ट्या केल्या आणि अंगणात दोरीवर टांगल्या. वरून आमच्याच दुकानातले मलमल पांघरले. त्या दिवशी आभाळ आले, ऊन अर्धा दिवससुद्धा पडले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्ट्यांच्या घडीत अळ्या वळवळताना दिसल्या आणि सगळे फेकावे लागले. 5 किलो गोश्त वाळून साधारण दीड-पावणेदोन किलो चान्या झाल्या असत्या. तेवढी कमाई आणि गोश्ताची किंमत, दोन्ही गेले.

भाभींनी विचारले, "भाईजान, कापड होते तरी माशी आत कशी गेली?" प्रश्न आमच्याच धंद्यातला निघाला. उत्तर असे आहे की माशीला आत जावे लागत नाही. कापड गोश्ताला चिकटले की माशी वर बसून विणीच्या छिद्रातून अंडी खाली सोडते. करडी, पट्ट्यापट्ट्यांची एक माशी तर अंडीही घालत नाही, ती जिवंत बारीक अळ्याच टाकते. शिवाय मलमल ओले झाले की हवा अडते, गोश्त वाळत नाही आणि माशीला हवी तेवढी ओल राहते. सुरतेचे असो की भिवंडीचे, पांघरलेले मलमल ह्या कामाचे नाही.

म्हणून आम्ही दुसरा बंदोबस्त केला. सुताराकडून चौकोनी लाकडी सांगाडा करून घेतला आणि त्याला चारी बाजूंनी, वरून व खालून मच्छरदाणीची नायलॉन जाळी ताणून लावली. पट्ट्या आतल्या काड्यांवर अशा टांगल्या की कुठल्याही बाजूने जाळीपासून चार बोटे दूर राहतील. दारालाही जाळी, आणि बंद करताना फट राहत नाही ना हे हात फिरवून पाहायचे. जाळी फाटली की त्याच दिवशी टाका मारायचा. सांगाड्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले म्हणजे मुंग्याही चढत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. माशी ओल्या पृष्ठभागावरच अंडी घालते, म्हणून पहिला दिवस सर्वांत नाजूक. पट्टी करंगळीपेक्षा जाड नको, घडी पडू द्यायची नाही आणि मीठ सगळीकडे चोळायचे. सकाळी लवकर, आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशीच काम सुरू करावे. दिवस मावळला की सगळे घरात आणून पंख्याखाली टांगावे. ह्या माश्या दिवसाच उडतात, म्हणून रात्री वाळवण सुरक्षित होते. पावसाळी हवेत थोडेच करावे, नाहीतर ऊन पडेपर्यंत गोश्त डीप फ्रीजरमध्ये ठेवावे.

ओळखायचे कसे? भाताच्या कणीपेक्षा बारीक पांढऱ्या अंड्यांचे पुंजके घडीत, कापलेल्या कडेला आणि दोरीच्या गाठीजवळ असतात. पहिल्या दिवशी दोनदा पाहावे. अंडी दिसली तर तो तुकडा काढून टाकावा, धुऊन वापरू नये. अळी पडली असेल तर शेजारचेही तुकडे गेले समजावे.

बोंबील, सुकट आपल्याकडे कोकणातून वाळूनच येतात, त्यांची गोष्ट वेगळी. पूर्ण वाळलेल्या मासळीत माशी सहसा वाढत नाही. तिथे केसाळ, तपकिरी अळी दिसते, ती एका काळ्या भुंग्याची असते. घेताना बोंबील वाकवून पाहावा, कडक मोडला तर चांगला, लवचिक वाकला तर ओल आहे. घरी आणून एकदा कडक ऊन द्यावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा.

एक इशारा. काही ठिकाणी वाळवणावर झुरळ-माशीचे औषध फवारतात. ते धुऊन जात नाही, खाणाऱ्याच्या पोटात जाते. पूर्वी ह्या कामी वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस हे औषध तर भारत सरकारने 31 डिसेंबर 2020 पासून बंद केले आहे.

आता बादलीची सफाई. अळ्या पडल्यावर आधी फिनेल ओतू नये. ते वर राहते आणि खालच्या अळ्या जगतात. त्यापेक्षा कचरा पिशवीत घट्ट बांधून घंटागाडीत द्यावा. मग बादली बाहेर नेऊन त्यात उकळते पाणी ओतावे, पाय आणि मुले दूर ठेवून. कडेच्या गोल दुमडीत, झाकणाच्या आत आणि बुडाच्या खाचेत अळ्या लपतात, तिथे धुण्याचा सोडा आणि ब्रशने घासावे. बादली उन्हात पालथी घालून कोरडी करावी. ब्लीचिंग पावडर वापरायची असेल तर तिच्यात अ‍ॅसिड किंवा संडास साफ करायचे औषध कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. शेवटी तरट, पायपुसणे उचलून भिंतीकडेचे कोश झाडून घ्यावेत आणि उकळत्या पाण्यात टाकावेत. आमच्या घरी हीच शेवटची पायरी राहून गेली होती.

पुढे गोश्ताचा कचरा आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत बांधतो आणि गाडी येईपर्यंत फ्रीजरच्या एका कप्प्यात ठेवतो. बादली दुसऱ्या दिवशी रिकामी होतेच. सन 2025 ची ईद 7 जूनला झाली, त्या वेळी बादलीत अळी दिसली नाही. भाभींनी जाळीच्या सांगाड्यात 3 किलोची पहिली खेप वाळवली. ती पूर्ण विकली गेली आणि सांगाड्याचे पैसे त्यांनी आम्हाला परत दिले.