दाताचा क्लेम आणि पहिल्या दिवसाचा केसपेपर

बहुतेक आरोग्य विम्यांत किडलेल्या दाताचे रूट कॅनॉल किंवा कवळी बसत नाही. अपघातात इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तरच दातांचा खर्च सहसा मिळतो.

समजा, उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये स्कूटरवरून पडून एखाद्याचा वरचा, उजवीकडचा पुढचा दात मोडला. पहिल्याच केसपेपरवर अपघाताची तारीख, कारण आणि दाताचा क्रमांक ११ लिहून घ्यावा. उपचारापूर्वीचा एक्स-रे जपून ठेवावा; तो नसेल, तर दात आधीच किडलेला होता असे म्हणायला कंपनीला वाव मिळतो. बिलावर नुसते ‘दंतोपचार’ असेल, तरीही क्लेम अडतो. त्यात प्रत्येक उपचाराचा खर्च वेगळा हवा.

क्लेम नाकारला, तर पॉलिसीतील कलमासह लेखी कारण मागावे. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.