नकार गोळा करणारी गाडी

इंग्रजीच्या वर्कशीटवर एक वाक्य असतं: नगरपालिकेची गाडी रोज सकाळी अमुक गोळा करते. त्या ‘अमुक’च्या जागी अधोरेखित शब्द असतो, स्पेलिंग आर-ई-एफ-यू-एस-ई. पुढे तीन रकाने असतात: शब्दाची जात, आघात आणि अर्थ. मुलं डिक्शनरी उघडतात. ओळखीचा ‘रिफ्यूज’ दिसला की थेट तिसऱ्या रकान्यात ‘नकार देणे’ लिहून मोकळी होतात. मग नगरपालिकेची गाडी दारोदार नकार गोळा करत फिरते.

चूक शब्दार्थाची नाही, क्रमाची आहे. वर्कशीटमध्ये जातीचा रकाना पहिला असतो, तो याचसाठी. वाक्यात ‘गोळा करते’ हे क्रियापद आधीच आहे आणि आपल्या शब्दामागे ‘द’ लागलेला आहे. म्हणजे हा शब्द नाम असणार. एवढं ठरलं की कोशातली क्रियापदाची नोंद बाजूला पडते. ‘एन’ असं लिहिलेली नोंद शोधली की अर्थ मिळतो: कचरा.

आता आघात. शब्दाच्या ज्या तुकड्यावर जोर द्यायचा, त्याच्या आधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ असते. कचऱ्याचा शब्द ‘ˈरेफ्यूस’, नकाराचा ‘रिˈफ्यूझ’. जोर सरकला तसा पहिला स्वर बदलला, शेवटचा ‘स’सुद्धा ‘झ’ झाला. ‘रेकॉर्ड’चंही तसंच: नाम असेल तर जोर पुढच्या तुकड्यावर, क्रियापद असेल तर मागच्या. मराठीत जोर हलवून अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या मुलांना ही रेघ छपाईतला डाग वाटते. आपल्याकडे असं काम कधीकधी लिंग करतं: ‘तो माळ’ म्हणजे उघडं रान, ‘ती माळ’ गळ्यातली.

मात्र ‘नामाचा जोर पुढे, क्रियापदाचा मागे’ हा नियम पाठ करून कोश मिटवला तर फसगत होते. ‘रिपोर्ट’ आणि ‘कंट्रोल’ नाम असोत की क्रियापद, जोर दुसऱ्याच तुकड्यावर राहतो. ‘व्हिजिट’चा पहिल्यावर राहतो. आणखी एक खोच आहे. आजच्या बहुतेक कोशांत रेघ जोराच्या तुकड्याआधी येते, पण जुन्या काही इंग्रजी कोशांत ती तुकड्यानंतर छापलेली असे. घरातल्या आजोबांच्या कोशातून रेघ उतरवली आणि शिक्षकांची उत्तरपत्रिका नव्या कोशावरून केलेली असली, की दोघंही बरोबर असून गुण जातात.

खरी कसोटी तिसऱ्या रकान्याची. समजा, वाक्य आहे: आंब्यांचं वजन त्या जुन्या फांदीला ‘बेअर’ करता आलं नाही. जात क्रियापद, म्हणजे अस्वल बाद. पण क्रियापदाखालीच सहन करणे, वजन पेलणे, फळ धरणे, जन्म देणे असे कितीतरी अर्थ क्रमांक टाकून दिलेले असतात. ‘नाही’ हा शब्द पाहून काही मुलं ‘सहन करणे’ निवडतात, कारण इंग्रजीत ‘मला सहन होत नाही’ असं म्हणताना हाच शब्द येतो. काही मुलं आंबे पाहून ‘फळ धरणे’ लिहितात. दोन्ही चुका हुशार आहेत, पण चुकाच. पाहायचं ते हे, की क्रिया कुणाची आणि कशावर? करणारी फांदी, कर्म वजन. आंबे हे कर्म नाहीत. ते फक्त वजनाचे धनी. म्हणून अर्थ ‘पेलणे’. खात्री करायची तर निवडलेला अर्थ वाक्यात घालून मोठ्याने वाचावा.

पहिला अर्थच लिहिण्याची सवय इथे नडते. विद्यार्थ्यांसाठीचे कोश साधारणपणे जास्त वापरातला अर्थ आधी देतात. मेरियम-वेबस्टरसारखा कोश अर्थ ऐतिहासिक क्रमाने लावतो, म्हणजे जुना आधी. दोन्हीकडे पहिला क्रमांक वाक्याशी जुळेलच, अशी हमी नाही.

दोष कधीकधी वर्कशीटचाही असतो. ‘त्याने ड्रॉ पाहिला’ एवढंच वाक्य दिलं, तर सामन्याची बरोबरी की लॉटरीची सोडत, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. वाक्यात अर्थ पकडायला एक तरी खुंटी हवी.

आणि आघाताच्या रकान्यात ‘बेअर’पुढे काय लिहायचं? देवनागरीत तीन अक्षरं दिसली तरी इंग्रजी उच्चारात हा शब्द एकाच तुकड्याचा आहे, आणि अशा शब्दांना बहुतेक कोश आघाताची खूण देत नाहीत. तिथे आडवी रेघ मारून ठेवली, तर उत्तर बरोबर.