मॅट्रिक्सचा घातांक: आधी भागा, मग वर्ग करत जा

`x' = ax` या विकलक समीकरणाचे उत्तर `e^(at)` या फलाने मिळते, हे बारावीत शिकवले जाते. दोन किंवा अधिक राशी एकमेकींवर अवलंबून बदलत असतील, तर `a` या एका संख्येच्या जागी `A` हे मॅट्रिक्स येते. उत्तराचे रूप मात्र तेच राहते: `x(t) = e^(tA) x(0)`. `e^A` ची व्याख्याही ओळखीच्या मालिकेनेच होते:

`e^A = I + A + A²/2! + A³/3! + …`

ही मालिका कोणत्याही चौरस मॅट्रिक्ससाठी अभिसारी असते. त्यामुळे पदे मिळवत जावे आणि ती नगण्य झाली की थांबावे, असे कोणालाही वाटेल. कागदावर हे बिनचूक आहे. संगणकावर ते किती फसते, हे क्लीव्ह मोलर आणि चार्ल्स व्हॅन लोन यांनी १९७८च्या लेखात दाखवले. घातांक काढण्याच्या १९ ‘संशयास्पद’ रीती अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. त्यातले उदाहरण असे:

```
A = [ -49   24 ]
    [ -64   31 ]
```

याच्या आयगेनव्हॅल्यू −१ आणि −१७. सुरुवात `x(0) = (1, 2)` अशी केली, तर `t = 1` ला खरे उत्तर (०.३६८, ०.७३६) येते. सहा-सात अंकी अचूकतेच्या यंत्रावर मालिकेची ५९ पदे घेऊन काढलेले `e^A` वापरले, तर तेच उत्तर (−२५.१, −६८.४) येते. चूक दशांशातली नव्हे, चिन्हासकट सगळेच गेले.

दोष मालिका मध्येच तोडण्याचा नाही. `A¹⁶/16!` या पदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सुमारे ७० लाख ही संख्या येते आणि लगेच पुढच्या पदात जवळजवळ तेवढीच ऋण संख्या. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरायला हवे वजा ०.७३६. पण सहा-सात अंकच धरणाऱ्या यंत्राला ७० लाखांत एककाच्या अंकाचीही खात्री नसते. लाखांची बेरीज-वजाबाकी झाल्यावर हाती उरतो तो गाळ.

उपाय घातांकाच्याच एका गुणधर्मात आहे: `e^A = (e^(A/2))²`. म्हणजे `A` ला २ने पुन्हा पुन्हा भागून लहान करायचे, त्या लहान मॅट्रिक्सचा घातांक मालिकेने काढायचा आणि जितक्या वेळा भागले तितक्या वेळा उत्तराचा वर्ग करायचा. वरच्या उदाहरणात स्तंभांतल्या निरपेक्ष किमतींची सर्वांत मोठी बेरीज ४९ + ६४ = ११३ आहे. आठ वेळा, म्हणजे २५६ने भागले की ती ०.४४ वर येते. मग पदे झपाट्याने आटतात आणि पंधरावे पद सोळा अंकी अचूकतेच्याही खाली जाते. −१७ या आयगेनव्हॅल्यूपुरते पाहिले तर १ − ०.०६६४०६ + ०.००२२०५ − ०.००००४९ + ०.०००००१ = ०.९३५७५१. लाखांची पदे कुठेच येत नाहीत.

```python
B = A / 2**8
E = T = np.eye(2)
for k in range(1, 15):
    T = T @ B / k
    E = E + T
for _ in range(8):
    E = E @ E
```

उत्तर पडताळण्याची एक सोपी खूण आहे. `e^A` चा निश्चयक नेहमी `e` चा `A` च्या मुख्य कर्णाच्या बेरजेइतका घात असतो. इथे ती बेरीज −१८, म्हणजे निश्चयक अगदी लहान पण धनच हवा. फसलेल्या मॅट्रिक्सचा निश्चयक सुमारे −१०.८ भरतो. तेवढ्यानेच ते बाद ठरते. याखेरीज एकदा जास्त भागून पुन्हा गणित करावे आणि दोन्ही उत्तरे जुळतात का पाहावे.

म्हणून वाटेल तितके भागत सुटणेही बरे नाही. प्रत्येक वर्गात सापेक्ष चूक साधारण दुप्पट होते. आठ वर्गांनी २५६ पट. सोळा अंकांतून दोन-तीन गेले तर चालते. चाळीस वेळा भागले, तर `A` चा अंश १०⁻¹⁰ इतका उरतो, तो १ मध्ये मिळवताना त्याचे जेमतेम सहा अंक टिकतात आणि ते गेलेले अंक वर्ग करून परत येत नाहीत.

किती वेळा भागायचे हे नुसते मॅट्रिक्सच्या आकारमानावरून ठरवले, तर हाच घोटाळा होतो. कर्णावर १ आणि −१, वरच्या कोपऱ्यात दहा लाख आणि खाली शून्य असे मॅट्रिक्स घ्या. आकारमान पाहून ते २० वेळा भागावेसे वाटते, पण त्याचा वर्ग करून पाहिला तर एकक मॅट्रिक्स येते! घात वाढतच नाहीत, तेव्हा इतके भागायची गरजच नसते. अवाद अल-मोही आणि निकोलस हायअम यांच्या २००९च्या रीतीत म्हणूनच `A` ऐवजी त्याच्या घातांचे आकारमान पाहून भागाकारांची संख्या ठरते. `scipy.linalg.expm` हीच रीत वापरते; तिथे मालिकेच्या जागी पाडे अपूर्णांक असतो, भागणे आणि वर्ग करणे तेच.